कुलूप शाबूत, घर मात्र फोडलेले

शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी २०१८ रोजी जो हिंसाचार झाला, त्याच्या पाठोपाठ एल्गार परिषदेचा खटला उभा राहिला. त्या खटल्यातील कार्यकर्ते व वकील यांच्या फोनमध्ये हेरगिरी झाल्याचे पुढे उघडकीस आले, तेव्हापासून आपल्या कार्यकर्त्यांत दोन समजुती रूढ झाल्या आहेत. एक म्हणते की, व्हॉट्सॲपवरील निरोप मोहोरबंद असतो, तेव्हा काहीही निर्धास्त लिहावे. दुसरी म्हणते की, ही मोहोर म्हणजे शुद्ध बनवाबनवी आहे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. आणि सरकार ही मोहोरच कायद्याने फोडू पाहत असताना तिचे खरे स्वरूप ठाऊक नसणे आपल्याला परवडणारे नाही.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील एक कंत्राटी कामगार दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या आपल्या सोबत्याला सभेची वेळ कळवतो, असे समजा. दोघांनी ॲप फोनवर घेतले त्याच क्षणी प्रत्येक फोनने स्वतःपुरती एक जोडी तयार केली : एक कुलूप आणि त्याची एक किल्ली. कुलूप उघड्या अवस्थेत कंपनीच्या सर्व्हरकडे ठेवले जाते व ते कोणीही पाहावे. किल्ली मात्र फोनबाहेर जात नाही. ती कंपनीकडेही नसते. निरोप धाडताना रांजणगावचा फोन सर्व्हरकडून कुरकुंभचे कुलूप मागवतो आणि त्याचा मेळ आपल्या किल्लीशी घालतो. तिकडे कुरकुंभचा फोन रांजणगावच्या कुलपाचा मेळ स्वतःच्या किल्लीशी घालतो. या जोड्यांची घडणच अशी आहे की, दोन्हीकडे एकच गुपित निष्पन्न होते. आणि ते गुपित तारेवरून कधी गेलेलेच नसते. मध्ये बसलेल्याला दोन्ही कुलपे दिसत असली, तरी किल्लीवाचून ती त्याच्या उपयोगाची नाहीत.

या गुपितातून प्रत्येक निरोपासाठी वेगळी किल्ली घडवली जाते आणि काम होताच ती नष्ट केली जाते. म्हणून आज एखादी किल्ली कोणाच्या हाती लागली, तरी वाटेत टिपून ठेवलेले कालचे निरोप तिने उघडत नाहीत. सर्व्हर हा केवळ टपालवाला आहे. कुरकुंभचा फोन बंद असेल, तर तो बंद लखोटा जास्तीत जास्त तीस दिवस सांभाळतो आणि पोहोचवल्यावर काढून टाकतो. आणीबाणीत टपाल कचेरीत बसून पत्रे फोडणारा अधिकारी या व्यवस्थेत बसवला, तर त्याच्या हाती अर्थशून्य अक्षरांचा ढीग लागेल. व्हॉट्सॲपने २०१६ पासून सर्व निरोपांना ही पद्धत लागू केली.

येथे एक शंका रास्त आहे. कुलूप सर्व्हरच देतो, मग त्याने सोबत्याचे म्हणून स्वतःचेच कुलूप पुढे केले तर? या फसवणुकीवर उपाय ठेवलेला आहे. सोबत्याच्या माहितीच्या पानावर ‘Encryption’ ही ओळ दाबली की साठ अंकी संख्या दिसते. ती दोघांच्या कुलपांवरून बनते. दोघे समोरासमोर बसून ती ताडून पाहतील आणि ती जुळली, तर मध्ये कोणी नाही. सोबत्याने नवा फोन घेतला किंवा ॲप पुन्हा बसवले की संख्या बदलते. बदल दिसला व सोबत्याने फोन बदललेला नसेल, तर लिहिणे थांबवून प्रत्यक्ष भेटावे.

लखोट्यातील मजकूर झाकला, तरी लखोट्यावरचा पत्ता झाकत नाही. कोणी, कोणाला, केव्हा आणि किती वेळा निरोप धाडला, हे कंपनीला कळू शकते. संपाच्या आदल्या रात्री कोणते वीस फोन एकमेकांशी बोलत होते, एवढी माहितीही मालकाला वा पोलिसाला पुष्कळ झाली. शिवाय निरोपांची प्रत गूगलच्या वा ॲपलच्या साठ्यात जात असेल, तर ती या कुलपाबाहेरची गोष्ट आहे. त्या प्रतीला वेगळा संकेतशब्द लावण्याची सोय २०२१ पासून आहे, परंतु ती आपण होऊन सुरू करावी लागते.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. एप्रिल-मे २०१९ मध्ये एनएसओ या इस्रायली कंपनीच्या पेगॅसस या हेर-प्रणालीने व्हॉट्सॲपच्या कॉल यंत्रणेतील एका दोषाचा फायदा घेतला. फोनवर कॉल येई. तो उचलण्याचीही गरज नसे. आणि हेर आत शिरे. जगभरात सुमारे १,४०० फोन लक्ष्य झाले. त्यांत एल्गार खटल्यातील आरोपींचे वकील, नागपूरचे निहालसिंग राठोड हेही होते. हेराने कुलूप फोडले नाही. निरोप वाचण्यासाठी फोनला तो पडद्यावर उघडावाच लागतो. हेर त्या पडद्यामागे बसला. याच खटल्यातील आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात ओळखीच्या खात्यावरून आलेल्या ई-मेलमधून शिरकाव झाला व आक्षेपार्ह पत्रे बाहेरून ठेवली गेली, असा निष्कर्ष आर्सेनल या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये काढला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. तेथेही लक्ष्य होते ते वाट नव्हे, टोक.

पेगॅसस आपण केवळ सरकारांना विकतो, असे तिचे निर्माते सांगतात. आपल्या सरकारने सर्वोच्च न्यायालयात ते वापरल्याचे कबूलही केले नाही आणि नाकारलेही नाही. वाट बंद झाली, म्हणून एकेका घरात चोर धाडण्याचा महागडा उद्योग करावा लागतो, हाच या प्रकरणाचा अर्थ आहे. कुलूप निकामी असते, तर एवढा खर्च कोण कशाला करील?

आणि म्हणूनच २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांकडे पाहावे लागते. पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या निरोप-कंपनीने, आदेश येताच, एखादा निरोप प्रथम कोणी लिहिला हे सांगावे, अशी त्यांत सक्ती आहे. व्हॉट्सॲपने त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात तिला आव्हान दिले. नियमाचे समर्थक धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याकडे बोट दाखवतात. मुले पळवण्याच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी तेथे पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्या अमानुषतेबद्दल दुमत असूच शकत नाही. परंतु उद्या कोणत्या निरोपाची चौकशी होईल, हे आज कोणालाच ठाऊक नसते. म्हणून कंपनीला सर्वांच्या प्रत्येक निरोपाची खूण आधीच नोंदवून ठेवावी लागेल. एका गुन्हेगारासाठी कोट्यवधी निरपराधांच्या लखोट्यांवर छाप उमटवावी लागेल. आणि एवढे करूनही अफवा पसरवणाऱ्याने तोच मजकूर हाताने पुन्हा लिहिला की साखळी तुटते व नवाच ‘पहिला लेखक’ पैदा होतो. उलट, ज्याला अफवा मिळाली त्याचा फोन त्याच्याच संमतीने उघडून तपास मागे मागे नेता येतो. कुलूप त्याला आड येत नाही.

ही मोहोर कंपनीने उपकार म्हणून दिली असे मानून तिच्या पाया पडण्याचे कारण नाही. पत्त्यांची वही तिच्याच हाती आहे. पण मोहोर फोडण्याचा अधिकार शासनाला देणे हा त्यावरचा इलाज नव्हे. कार्यकर्त्यांनी आपले फोन अद्ययावत ठेवावेत, साठ अंक ताडून पाहावेत, अनोळखी जोडण्या उघडू नयेत आणि वाटेच्या कुलपाचे रक्षण करतानाच घरात चोर कोणी धाडला, याचा जाब सरकारला विचारीत राहावे. वर्षे लोटली. उत्तर अद्याप आलेले नाही.