जळणाऱ्याला नव्हे, शेजाऱ्याला वाचवा

20 मार्च 2025 च्या रात्री साडेअकराच्या सुमारास पश्चिम लंडनमधील नॉर्थ हाइड उपकेंद्रात एका ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला. त्यात सुमारे 25 हजार लिटर तेल होते. अर्ध्या तासाच्या आत शेजारचा ट्रान्सफॉर्मरही बंद पडला आणि सुमारे 67 हजार ग्राहक अंधारात गेले. दुसऱ्या दिवशी हीथ्रो विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद राहिला. एक यंत्र जळणे हा अपघात होता. पण एका यंत्राच्या आगीने सारे उपकेंद्र बंद पडावे, हा प्रश्न मांडणीचा आणि देखभालीचा आहे.

ट्रान्सफॉर्मरमधील खनिज तेल दोन कामे करते. ते गुंडाळ्यांची उष्णता बाहेर नेते आणि विद्युतरोधकही असते. मात्र सुमारे 140 अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की त्याची वाफ पेट घेऊ शकते. उच्च दाबाची तार टाकीत जिथून शिरते, तिथे ‘बुशिंग’ हा रोधक असतो. त्याच्या आतील तेलात भिजलेल्या कागदात ओलावा शिरला की रोधकता घटते आणि एक दिवस आत ठिणगीची कमान पेटते. तिच्या उष्णतेने तेलाचे क्षणात वायूत रूपांतर होते, बुशिंग फुटते आणि जळते तेल बाहेर उडते. नॉर्थ हाइडमध्ये बहुधा हेच घडले, असे चौकशी अहवाल सांगतो. तिथल्या तेलाच्या नमुन्यात ओलावा वाढल्याचे 2018 मध्येच दिसले होते. पण त्यावर कारवाई झाली नाही.

असा पेटलेला ट्रान्सफॉर्मर सहसा वाचत नाही. संरक्षणाच्या तीन व्यवस्था असतात त्या मुख्यतः शेजाऱ्यासाठी.

पहिली व्यवस्था म्हणजे अंतर किंवा अग्निरोधक भिंत. भारतीय मानकांनुसार 20 ते 30 हजार लिटर तेलाच्या ट्रान्सफॉर्मरभोवती साडेबारा मीटर मोकळी जागा हवी. ती नसेल तर मध्ये आग चार तास थोपवणारी भिंत उभारावी लागते. भिंत टाकीपुरतीच असून चालत नाही. टाकीच्या वर असलेल्या तेलाच्या साठवण टाकीपेक्षाही ती उंच असावी लागते आणि बाजूच्या रेडिएटरच्या पुढे जावी लागते. ज्वाळा आणि उष्णतेचा झोत कडेवरून वळला, तर भिंत असून नसल्यासारखीच.

दुसरी व्यवस्था तेलखड्ड्याची. ट्रान्सफॉर्मरखाली जाळी आणि तिच्यावर मुठीएवढ्या दगडांचा थर असतो. जळते तेल फटींतून खाली उतरताना थंड होते, हवा तुटते आणि ज्वाळा विझते. तिथून ते नळाने दूरच्या बंदिस्त टाकीत जाते. दगडांच्या फटींत माती आणि गवत साचले की तेल वरच तुंबते आणि तिथेच जळत राहते.

तिसरी व्यवस्था पाण्याच्या फवाऱ्याची, म्हणजे डेल्यूज यंत्रणेची. ट्रान्सफॉर्मरभोवतीच्या नळांवर काचेचे फुगे बसवलेले असतात. उष्णतेने फुगा फुटला की नळातील हवेचा दाब घटतो, मुख्य झडप उघडते आणि सर्व तोट्यांतून एकाच वेळी जोराने पाणी येते. त्याआधी वीज तोडलेली असणे अत्यावश्यक. हा फवारा टाकीच्या आतली आग विझवेलच असे नाही. पण तो पत्रा आणि आसपासची यंत्रे थंड ठेवतो. स्फोटात त्याचे नळच तुटण्याचाही धोका असतो.

या तीन व्यवस्थांचे हिशोब एकमेकांत अडकलेले आहेत. समजा 150 चौरस मीटर पृष्ठभागावर दर चौरस मीटरला मिनिटाला 10 लिटर पाणी 40 मिनिटे मारले. हे झाले 60 हजार लिटर. त्यात 25 हजार लिटर तेल मिळवले की टाकीला 85 हजार लिटरची जागा हवी, शिवाय पावसाचे पाणी वेगळे. केवळ तेलाएवढीच टाकी बांधली तर ती उतू जाईल. तेल पाण्यावर तरंगते, म्हणून उतू जाणारे जळते तेल शेजारच्या यंत्राकडे वाहत जाईल. आग विझवण्याचे पाणीच मग आग पसरवण्याचे साधन होते.

नॉर्थ हाइडमधील फवाऱ्याची यंत्रणा नादुरुस्त असल्याचे आधीच्या तपासणीत नोंदले गेले होते. आग लागली तेव्हाही ती बंदच होती. आपल्याकडील सुरक्षा नियम 2000 लिटरहून अधिक तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला अग्निशमन व्यवस्था सक्तीची करतात. पण नियमाच्या पूर्ततेचा खरा पुरावा कागदावर नसतो. झडप शेवटची कधी उघडून पाहिली, दगडांच्या फटी कधी साफ झाल्या आणि पावसाळ्यानंतर टाकीतले पाणी कधी उपसले, या तीन तारखांत तो असतो. प्रत्येक उपकेंद्राच्या तपासणीत या तारखा आधी विचारल्या जाव्यात.