सोयाबीनला सरसकट बंदी नको

नैराश्यावरच्या जुन्या गोळ्यांपैकी फेनेलझिन आणि ट्रॅनिलसायप्रोमिन या गोळ्या आता क्वचितच दिल्या जातात. इतर औषधांनी गुण न आलेल्या काही रुग्णांना मात्र त्या आजही उपयोगी पडतात. त्यांच्यासोबत पथ्याचा कागद मिळतो आणि त्यात जुन्या चीजखाली बहुधा नुसते ‘सोया’ असे लिहिलेले असते. हा एक शब्द पुरेसा नाही.

जुन्या चीजमध्ये टायरामिन असते. एरवी आतड्यातले आणि यकृतातले मोनोअमाईन ऑक्सिडेझ हे विकर ते मोडून टाकते. या गोळ्या तेच विकर बंद पाडतात. मग टायरामिन थेट रक्तात जाते, नॉरअ‍ॅड्रेनलिन बाहेर पडते आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. चीजचा हा संबंध १९६३ मध्ये लंडनमध्ये बॅरी ब्लॅकवेल यांनी दाखवून दिला.

टायरामिन सोयाबीनमध्ये मुळात नसते म्हटले तरी चालेल. आंबवताना जिवाणू प्रथिनातल्या टायरोसिनपासून ते तयार करतात. म्हणून सोया दूध, सोयाबीनच्या वड्या, ताजा टोफू चालतो. आपले ताजे पनीरही चालते. सोया सॉस, मिसो, नाट्टो, आंबवलेला टोफू, काळ्या सोयाबीनचा चिनी सॉस टाळावा. नागालँडचे अखुनी, मणिपूरचे हवाइजार, सिक्कीमचे किनेमा हेही आंबवलेले सोयाबीनच. ताजा टोफूसुद्धा फ्रीजमध्ये आठवडाभर राहिला, तर त्यात टायरामिन वाढू शकते.

सोया सॉसचा हिशेब मांडून पाहावा. काही बाटल्यांत टायरामिन नगण्य असते, तर एका मोजणीत ते लिटरमागे ९०० मिलिग्रॅमहून अधिक आढळले. अशा बाटलीतला एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, नूडल्समध्ये पडला तर सुमारे १४ मिलिग्रॅम टायरामिन पोटात जाते. या गोळ्या घेणाऱ्याला ६ ते १० मिलिग्रॅमनेही त्रास होऊ शकतो. बाटलीवर हा आकडा नसतो आणि शिजवल्याने टायरामिन जात नाही. त्यामुळे गाडीवरच्या नूडल्सला नकार देणेच शहाणपणाचे.

बाकल्याच्या शेंगांचे कारण वेगळे आहे. त्यांत लेव्होडोपा असते आणि त्यानेही रक्तदाब चढतो. त्या शेंगा टाळाव्यात. पण त्यासाठी मूग, मटकी, तूर सोडण्याची गरज नाही.

जेवणानंतर तास-दोन तासांत डोक्याच्या मागच्या बाजूला असह्य ठणका, धडधड, घाम, मान ताठरणे असे झाले, तर ॲसिडिटी समजून थांबू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि गोळीचे नाव सांगावे. गोळी बंद झाल्यावरही दोन आठवडे पथ्य पाळावे लागते, कारण शरीराला नवे विकर तयार करायला तेवढा वेळ लागतो.

पथ्याच्या कागदावर ‘सोया’ऐवजी ‘आंबवलेले आणि शिळे सोयाबीन’ असे लिहिले, तर रुग्णाचे ताटही भरलेले राहील आणि धोकाही टळेल.