जॅकपॉटनंतरचा रविवार

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हरलेल्याला सल्ला द्यायला पन्नास जण धावतात. जिंकलेल्याला कोणी काही सांगत नाही; त्याच्याकडून चहा पितात. खरं तर सांगायची वेळ तीच असते.

समजा, 20 हजारांचं भांडवल बाजूला काढून डावाला 400 रुपये लावणाऱ्या एका गृहस्थांना अडीच लाखांचा जॅकपॉट लागला. ओळीनं पाच शर्यतींतले पहिले घोडे बरोबर आले. त्यातले 30 टक्के, म्हणजे 75 हजार, आयकरापोटी पैसे हातात पडण्याआधीच कापले जातात. उपकराचे 3 हजार विवरणपत्र भरताना द्यायचे. उरले 1 लाख 72 हजार. आणि पुढे हरलेली रक्कम या कमाईतून वजा दाखवता येत नाही. उरलेलं सगळं महिन्याभरात त्याच मैदानात गेलं, तरी कर गेला तो गेलाच.

म्हणून दुसऱ्याच दिवशी दीड लाखाची मुदत ठेव करावी. शक्यतो जोडखात्यात, दोघांच्या सह्यांशिवाय मोडता येणार नाही अशी. उरलेले 22 हजार जुन्या 20 हजारांत मिळवले की नवं भांडवल 42 हजार. जुन्याच 2 टक्क्यांच्या हिशेबानं डाव 840 चा होतो, पण तिथेही एकदम उडी नको. महिनाभर 600, भांडवल टिकलं तर 800, आणि ते 30 हजारांवर घसरलं तर मुकाट्यानं पुन्हा 600.

प्रत्यक्षात होतं काय? गडी पुढच्या रविवारी 10 हजारांचा डाव लावतो. ‘टोटचाच पैसा आहे,’ म्हणतो. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी 1990 साली याच वृत्तीवर निबंध लिहिला होता; आपल्याकडे मात्र तो प्रत्येक टोटच्या रांगेत तोंडपाठ असतो.

चारांत एक डाव जिंकणारा पंटर चांगलाच म्हणायचा. पण त्यालाही शंभर डावांत कधीतरी ओळीनं दहा हरण्याची पाळी येण्याचाच संभव अधिक. 600 च्या डावानं त्यात 6 हजार जातात, 10 हजारांच्या डावानं लाख. शिवाय टोटवर सगळ्यांचे पैसे एकत्र होऊन वाटले जातात. लहान पूलमध्ये तुमचेच 10 हजार तुमच्या घोड्याचा डिव्हिडंड खाली ओढतात. डाव पंचवीसपट झाला, पण घोड्यांची पारख होती तेवढीच आहे.

आणि टोट आपला वाटा दर शर्यतीला आधी काढून घेतं. तेव्हा जिंकलेल्यांना एवढीच विनंती: पुढच्या मीटिंगला पाकिटात 2 हजारांपेक्षा जास्त घेऊन जाऊ नका, आणि एटीएम कार्ड घरी ठेवा.