पत्राचा मधला परिच्छेद

शेजारची एमएस्सी नर्सिंगची मुलगी परवा कागद घेऊन आली, ‘काका, एवढं मराठी तपासा.’ प्रति, मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नंदुरबार, मार्फत, प्राचार्य, विषय, प्रबंधासाठी रुग्णांचे अभिप्राय घेण्यास परवानगी मिळणेबाबत. ‘सविनय’ तीनदा, ‘कृपावंत’ दोनदा, आणि कामाची गोष्ट एका ओळीत! मी दोन्ही कृपावंत खोडले. साहेबांना नम्रता नको असते, आपल्या वॉर्डात काय होणार ते हवं असतं: कोणता वॉर्ड, किती रुग्ण, कोणत्या तारखा, किती वाजता. राउंड आणि औषधांची वेळ टाळून दुपारी दोन ते चार, असं लिहिलं की अर्धी शंका तिथंच मिटते. प्रश्नावली, संमतीपत्र आणि कॉलेजच्या नैतिकता समितीचं पत्र सोबत जोडायचं. मग मी विचारलं, ‘धडगावची बाई पावरी बोलते, तिला “सेवेबाबत समाधानी आहात का” कोण विचारणार?’ ‘वॉर्डातल्या सिस्टर सांगतील समजावून.’ झालं! जिच्या हातून सुई घ्यायची, तिच्यासमोर ‘सिस्टर खेकसतात’ असं कोण म्हणेल? शंभरातले शंभर ‘चांगलं आहे’ आले, तर रुग्णालय आदर्श न मानता विचारण्याची पद्धत चुकली असं समजावं. म्हणून पत्रात घातलं: सुटी झाल्यावर, वॉर्डाबाहेर, साध्या कपड्यांत, पावरी जाणणाऱ्या बाहेरच्या बाईमार्फत, नाव लिहिणार नाही, वाचता न येणाऱ्यांना संमतीपत्र त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा. ‘आपली विश्वासू’ मात्र तिनं मला खोडू दिलं नाही.