बंद पाकीट

संवत्सरी होऊन सहा दिवस झाले होते. तळोजा फेज एकमधल्या इमारतीच्या खालच्या टपालपेटीत विमलबाईंना वीजबिलाखाली एक पाकीट सापडले. त्यावर पाच रुपयांचे तिकीट आणि नगरचा शिक्का होता. अक्षर त्यांनी ओळखले, पण पाकीट न उघडताच त्या वर आल्या.

नगरच्या कापडबाजारातील दुकानातून पूर्वी दरवर्षी तीनशेहून अधिक छापील क्षमापनापत्रे जात असत. नवी सून असताना त्यांवर पत्ते लिहिण्याचे काम विमलबाईंकडेच होते. ती सारी पत्रे बुकपोस्टाने जात, म्हणून पाकिटाचे तोंड चिकटवायचे नसे, नुसते आत दुमडायचे. सासूबाई गमतीने म्हणत, "उघड्या पाकिटात व्यवहार असतो, बंद पाकिटात माणूस असतो." पुढे छापील पत्रांची जागा मोबाइलवरच्या संदेशांनी घेतली. आज हाती आलेले हे पाकीट मात्र डिंकाने नीट बंद केलेले होते.

अकरा वर्षांत त्या घरातून ना पत्र आले होते, ना फोन. २०१३ च्या चैत्रात विमलबाईंचे यजमान अचानक गेले. दुकान दोघा भावांच्या भागीदारीत होते. महिनाभराने दिरांनी एका कागदावर हिशेब मांडला आणि साठ हजार रुपये पुढे ठेवले. "भाभीजी, देणीच फार आहेत. याहून अधिक निघत नाही," ते म्हणाले. विमलबाईंनी पैसे घेतले. पुढच्या वर्षी मुलाला कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर नोकरी मिळाली, तेव्हा त्या त्याच्याबरोबर तळोज्याला आल्या.

दरवर्षी संवत्सरीच्या प्रतिक्रमणात त्या चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागत आणि शेजारणींना हात जोडून खमतखामणा करीत. नगरचे घर तेवढे त्यातून वगळले जाई. यंदा व्याख्यानात साध्वीजींनी कषायांच्या मुदती समजावून सांगितल्या होत्या. जो राग पंधरा दिवसांत विरतो तो सर्वांत हलका. कुणाचा चार महिने टिकतो, कुणाचा वर्षभर. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणे याच मुदतींवर ठेवलेली आहेत. ज्याने संवत्सरीही ओलांडली, तो राग अनंतानुबंधी होण्याच्या वाटेवर असतो. हे ऐकताना विमलबाईंनी मनातल्या मनात वर्षे मोजली होती आणि मान खाली घातली होती.

दुपारी त्यांनी पाकीट कापले. आत कमळाचे चित्र असलेले साधे कार्ड होते. छापील ‘मिच्छामि दुक्कडम्’ च्या खाली दिरांनी हाताने लिहिले होते:

"भाभीजी, हे छापलेले शब्द दरवर्षी शेकडो लोकांना पाठवले. ज्यांना पाठवायला हवे होते, त्यांनाच पाठवले नाहीत. भाऊ गेल्यावर मांडलेला हिशेब खोटा होता. खरा सोबत जोडला आहे. आईला यातले काही माहीत नव्हते, शेवटपर्यंत नव्हते. माझे दुष्कृत मिथ्या होवो, असे नुसते म्हणण्याचा मला अधिकार नाही. आधी ते निस्तरायला हवे."

सोबतच्या कागदावर खतावणीसारख्या दोन बाजू आखल्या होत्या. भाऊ गेले त्या दिवशी दुकानात ९,६०,००० रुपयांचा माल होता आणि गिऱ्हाइकांकडून २,४०,००० रुपये येणे होते. व्यापाऱ्यांचे देणे ३,६०,००० रुपयांचे होते. ते वजा जाता ८,४०,००० उरत होते. त्यातला निम्मा हिस्सा, म्हणजे ४,२०,००० रुपये, भावाचा. दिरांनी तेव्हा माल निम्म्या किमतीला धरला होता आणि येणे ‘बुडीत’ म्हणून पुसून टाकले होते. देणे मात्र पुरते मांडले. त्यामुळे शिल्लक १,२०,००० दिसली आणि हिस्सा साठ हजारांवर आला.

दिलेले साठ हजार वजा जाता ३,६०,००० राहिले. पुढे लिहिले होते, "दोनच भागीदार असले, तर एकाच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. हिशेब न चुकवता दुसऱ्याने त्याच भांडवलावर धंदा चालवला, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे वारसाला त्या भांडवलावरचा नफा किंवा सालिना सहा टक्के व्याज मागता येते. निवड वारसाची असते. व्याज वर्षाला २१,६००, अकरा वर्षांचे २,३७,६००. एकूण ५,९७,६०० रुपये. नफा हवा असेल, तर साऱ्या वह्या राखून ठेवल्या आहेत. येऊन पाहाव्यात."

संध्याकाळी मुलगा आला. त्याने कागद दोनदा वाचला आणि बेरजा पडताळल्या. "अकरा वर्षांनी काकाजींना कसली भीती वाटली?" तो म्हणाला.

"भीती कसली?"

"कोर्टाची."

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग स्वतःच म्हणाला, "तीही नसणार. पेढी मोडल्यापासून तीन वर्षांत हिशेबाचा दावा लावावा लागतो. आपली मुदत केव्हाच टळली. आज कोर्टात गेलो असतो, तर एक रुपयाही मिळाला नसता." कागदाची घडी घालताना त्याचा आवाज मऊ झाला होता. "मम्मी, तू जिंकलीस."

विमलबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचे डोळे कार्डावरच्या एका ओळीवर खिळले होते: आईला यातले काही माहीत नव्हते.

नगर सोडण्यापूर्वी स्थानकात, पन्नास बायकांच्या देखत, त्या म्हणाल्या होत्या, "दिराने बनावट हिशेब केला आणि सासूबाईंनी त्याला साथ दिली." पहिल्या अर्ध्याला आज पुरावा मिळाला होता. दुसरा अर्धा त्यांनी रागाच्या भरात जोडलेला होता. त्या म्हाताऱ्या बाईने मग स्थानकात येणेच सोडले, असे पुढे कानावर आले. तीन वर्षांनी त्या गेल्या, तेव्हा निरोप मिळूनही विमलबाई नगरला गेल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी स्वतःला पटवले होते की हा स्वाभिमान आहे.

"जिंकले कसली?" त्या अखेर म्हणाल्या. "त्यांनी आपली बाजू लिहिली. माझी बाजू कोरी आहे."

"तू काय बुडवलेस त्यांचे?"

"एका माणसाची अब्रू. तिच्यावर किती टक्के व्याज लागते, ते कुठल्या कलमात आहे?"

मुलाने उत्तर दिले नाही. तो उठला आणि त्याने टेबलावरचा दिवा लावून दिला.

विमलबाईंनी वहीचा कागद फाडून घेतला. कापडबाजाराचा पत्ता हाताने आपोआप उतरवला. मजकुराला मात्र वेळ लागला. पहिल्यांदा त्यांनी लिहिले, ‘तुम्हाला क्षमा केली’. मग ते खोडले. क्षमा करणारा वरच्या पायरीवर उभा असतो, आणि तिथे उभे राहण्याइतक्या त्या कोऱ्या नव्हत्या.

शेवटी त्यांनी लिहिले:

"भाऊजी, हिशेब बरोबर आहे. व्याज घेईन, नफ्याच्या वह्या पाहायच्या नाहीत. पण माझ्याकडूनही येणे आहे. बाईंविषयी मी स्थानकात जे बोलले ते खोटे होते. ज्यांची क्षमा मागायची त्या आता नाहीत. म्हणून येत्या पाक्षिकाला मी नगरला येते. ज्यांच्यासमोर बोलले, त्यांतल्या ज्या बाया उरल्या असतील, त्यांच्यासमोर ते परत घेते. तुम्ही सोबत यावे. मिच्छामि दुक्कडम्."

पाकिटावर पाच रुपयांचे तिकीट लावून त्यांनी तोंडाला डिंक लावला आणि अंगठ्याने तो बराच वेळ दाबून धरला.