मुसाफा: हाताची पकड आणि पहिली ओळख

ईदची नमाज संपली की मशिदीच्या अंगणात हातांची गर्दी होते. मेढ्यात काय आणि साताऱ्यात काय, चित्र तेच. कोणी दोन्ही हातांनी मुसाफा करतो, कोणी एका हाताने, कोणी हात मिळवून लगेच गळाभेटीला पुढे येतो. बाहेर आलो की शेजारचे पाटील, जाधव येऊन हात हातात घेतात आणि ‘ईद मुबारक’ म्हणतात. हात मिळवण्याची ही रीत आली कुठून, आणि हात घट्ट धरला की सैल, यावरून समोरचा माणूस आपल्याबद्दल मत बनवतो ते कितपत खरे, हे या वेळी पाहू.

हस्तांदोलनाबद्दल शाळेत हमखास सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. पूर्वी माणसे हत्यारे बाळगत. उजवा हात रिकामा आहे हे दाखवण्यासाठी तो पुढे करत. आणि बाहीत सुरा लपवला असेल तर तो खाली पडावा म्हणून हात हलवत. गोष्ट रंगतदार आहे, पण तिला त्या काळातला भक्कम पुरावा नाही. शिवाय उजवा हात गुंतला तरी डावा मोकळाच राहतो, हेही लक्षात घ्यायला हवे.

पुरावा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. आजच्या इराकमध्ये निमरूद येथे असीरियाचा राजा तिसरा शल्मनेसेर याच्या सिंहासनाचा दगडी चौथरा सापडला. तो इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला आहे. त्यावर शल्मनेसेर आणि बाबिलोनचा राजा समोरासमोर उभे राहून एकमेकांचा उजवा हात धरताना कोरले आहेत. हे चित्र दोन राज्यांमधल्या कराराचे आहे, रस्त्यात भेटल्यावरच्या रामरामाचे नाही. ग्रीसमध्येही इ.स.पूर्व ४०३ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. अथेन्सने सामोस बेटाच्या लोकांशी केलेला ठराव त्यावर कोरला आहे, आणि वरच्या बाजूला दोन्ही नगरांच्या देवता हात मिळवताना दाखवल्या आहेत. म्हणजे हातात हात आधी आला तो शब्द पक्का करण्यासाठी. भेटीचा रिवाज हे त्याचे नंतरचे रूप दिसते.

आपल्याला हे समजायला फार दूर जावे लागत नाही. अरबीत सौद्याला ‘सफ्का’ म्हणतात. मुळात तो हातावर हात मारल्याचा आवाज. ‘बैअत’ म्हणजे निष्ठेची शपथ, आणि हा शब्द ‘बैअ’ म्हणजे विक्री याच धातूतला. आपल्याकडच्या बैलबाजारात हीच रीत जिवंत राहिली. खिल्लार बैलांचा व्यवहार करताना हेडे आणि शेतकरी रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात घालतात. आकडा तोंडाने बोलत नाहीत. शेकडा की हजार ते आधी ठरलेले असते, आणि मग समोरच्याची जितकी बोटे धरली तितका आकडा. भोवती माणसे उभी असतात, पण भाव दोघांनाच कळतो. इथे पकड स्पष्टच लागते. बोटे अर्धवट धरली तर दोनाचे तीन होतील आणि सौदा फिसकटेल. सौदा जमला की हातावर हात पडतो, आणि मग शब्द फिरवता येत नाही.

‘मुसाफा’ या शब्दात तळव्याला तळवा लागणे हा अर्थ आहे. ही रीत भेटीत कशी रुळली याच्या नोंदी हदीस ग्रंथांत आहेत. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत अनस (रजि.) यांच्या हवाल्याने येते की, यमनचे लोक मदिनेत आले आणि मुसाफ्याची रीत पहिल्यांदा त्यांनी आणली. सहाबा आपसात मुसाफा करत होते का, असे हजरत कतादा यांनी हजरत अनस यांना विचारले आणि त्यांनी होकार दिला, हे बुखारीत आहे. तिर्मिजीत आणखी एक बारीक नोंद आहे. कोणी मुसाफा केला तर समोरचा आपला हात काढून घेईपर्यंत प्रेषित मुहम्मद (स.) आपला हात काढून घेत नसत. हात किती जोरात दाबावा याबद्दल त्यात काही नाही. समोरच्याला घाईने सोडू नये, एवढेच त्यातून कळते.

युरोपात ही रीत रोजच्या भेटीत रुजवण्यात सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाचा वाटा मोठा होता. श्रीमंतापुढे टोपी काढायची, कमरेत वाकायचे, हे त्यांना मान्य नव्हते. सगळी माणसे सारखी, म्हणून ते सगळ्यांशी हात मिळवत. वाकण्यात एक वर आणि एक खाली असतो. हात मिळवताना दोघे एकाच पातळीवर येतात.

आता पकडीकडे येऊ. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना हल्ली सगळे सांगतात की हात घट्ट धर. यावर अमेरिकेत दोन चांगले अभ्यास झाले आहेत. पहिला अलाबामा विद्यापीठात विल्यम चॅप्लिन आणि सहकाऱ्यांनी केला आणि २००० साली प्रसिद्ध केला. त्यांनी चार परीक्षकांना, दोन पुरुष आणि दोन स्त्रिया, महिनाभर शिकवून तयार केले. मग ११२ विद्यार्थी एकेक करून त्यांना भेटले. प्रत्येकाने प्रत्येक परीक्षकाशी दोन वेळा हात मिळवला, आणि परीक्षकांनी त्या हस्तांदोलनाला गुण दिले. त्यात दिसले की जोर, हलवण्यातला उत्साह, किती वेळ धरला, हात पूर्ण भरून धरला की नाही आणि नजर मिळवली की नाही, या पाच गोष्टी एकत्र चालतात. यांनाच मिळून ‘घट्ट’ हस्तांदोलन म्हणायचे. असा हात मिळवणारी मुले सरासरीने अधिक मोकळ्या स्वभावाची आणि कमी बुजरी निघाली, आणि परीक्षकांचे त्यांच्याबद्दलचे पहिले मतही चांगले झाले. म्हणजे ‘घट्ट’ याचा अर्थ केवळ दाबणे नव्हे. जोर हा पाचांपैकी एक भाग आहे.

दुसरा अभ्यास आयोवा विद्यापीठातल्या ग्रेग स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांचा, २००८ सालचा. ९८ विद्यार्थ्यांच्या सरावाच्या मुलाखती झाल्या. मुलाखत घेणारे वेगळे आणि हाताला गुण देणारे वेगळे, म्हणजे एकाच्या मताचा दुसऱ्यावर परिणाम नको. हाताला चांगले गुण मिळालेल्यांना मुलाखतीतही ‘नोकरीस योग्य’ असा शेरा जास्त मिळाला. मुलींची पकड मुलांपेक्षा सरासरीने सैल होती, तरी मुलाखतीत त्यांना कमी लेखले गेले नाही. आणि ज्या मुलींची पकड चांगली होती, त्यांना तिचा फायदा मुलांपेक्षा जास्त झाला.

हे वाचून लगेच मुलांचे हात दाबायला शिकवू नये. हे विद्यार्थी अमेरिकेतले, तिथली रीत वेगळी. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा हात हलकेच, दोन्ही हातांत घेणे यात अदब आहे, कमकुवतपणा नाही. जावळीच्या डोंगरात उभे आयुष्य कष्ट केलेल्या चाचांचा हात खडबडीत असतो, पण ते मुसाफा अगदी मऊ करतात. त्यांना कोणी बुजरे म्हणेल का? सैल हातावरून स्वभाव ओळखायला निघालेला माणूस इथे चुकतो. कधी संधिवात असतो, कधी बोटाला जखम, कधी नुसता रिवाज. अभ्यासात दिसला तो सरासरीचा कल. एकट्या माणसाबद्दलचा निकाल त्यातून देता येत नाही.

तरी मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला नेमके काय सांगावे? आम्ही दहावीच्या मुलांना एवढेच दाखवतो. आधी उजवा हात मोकळा ठेवा. फाइल आणि मोबाइल डाव्या हातात. घाम असेल तर बाहेरच रुमालाला पुसा. बसलेले असाल तर उभे राहा. समोरचे मोठ्या हुद्द्यावर असतील तर त्यांचा हात पुढे येऊ द्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधले बेचके समोरच्याच्या बेचक्याला भिडले पाहिजे. बहुतेकांचे इथेच चुकते. बेचके भिडले नाही तर हातात नुसती बोटे येतात. मग जोर दिला तर ती चिरडतात, आणि न दिला तर मेलेल्या माशासारखा हात लागतो. बेचके भिडले की तळवा आपोआप भरतो. जोर समोरच्याइतकाच द्या, दोन-तीन सेकंद, नजर चेहऱ्याकडे. समोरच्याने बोटे आखडली किंवा हात मागे ओढला, तर आपला जोर जास्त झाला असे समजा.

मुलींच्या घरात यापुढचा प्रश्न येतो. परपुरुषाशी हात मिळवायचा नाही असे ज्या मुलीने ठरवले आहे, तिचे मुलाखतीत नुकसान होईल का? भीती खोटी नाही. स्वीडनमध्ये दुभाष्याच्या नोकरीच्या मुलाखतीत एका मुस्लिम तरुणीने छातीवर हात ठेवून अभिवादन केले, आणि हात मिळवत नाही म्हणून मुलाखत तिथेच थांबली. ती दादही मागू शकली. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या कामगार न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि ४०,००० क्रोनर भरपाई द्यायला लावली. पण प्रत्येकीला न्यायालय गाठता येत नाही, म्हणून तयारी घरातूनच हवी.

इथे वर पाहिलेले मूळ उपयोगी पडते. हात हा शब्द पक्का करण्याची खूण आहे, शब्द त्याहून आधीचा. हुदैबियात इ.स. ६२८ मध्ये झाडाखाली बैअत झाली, तेव्हा हजरत उस्मान (रजि.) मक्केत अडकले होते. त्यांच्या वतीने प्रेषितांनी आपलाच एक हात दुसऱ्यावर ठेवला, आणि ती बैअत पूर्ण मानली गेली. स्त्रियांची बैअत प्रेषितांनी केवळ शब्दांनी घेतली, हात न लावता, असे हजरत आयेशा (रजि.) सांगतात. तिचे वजन पुरुषांच्या बैअतीपेक्षा तसूभरही कमी नव्हते.

म्हणून मुलीला सांगावे की अवघडून हात मागे लपवू नकोस. समोरचा हात पुढे येण्याआधीच उजवा तळवा छातीवर ठेव, थोडे झुक, नजर वर ठेव आणि स्पष्ट आवाजात ‘नमस्कार सर, मी अमुक अमुक, मुलाखतीसाठी आले आहे’ असे म्हण. हात पुढे आलाच, तर हसून ‘माफ करा, मी असे अभिवादन करते’ एवढे पुरे. लांबलचक खुलासा नको. चॅप्लिन यांच्या पाच गोष्टींपैकी नजर आणि उत्साह या दोन तरी हाताशिवाय पोहोचवता येतात. आणि हे आयत्या वेळी सुचत नाही. मुलाखतीच्या आदल्या रात्री अब्बा किंवा मामू यांना टेबलापलीकडे बसवून, दारातून आत येण्यापासून चार-पाच वेळा करून पाहावे. तिसऱ्या-चौथ्या वेळेला आवाज मोकळा होऊ लागतो.