सव्वासातचा अंदाज

या आठवड्यात सोसायट्यांच्या ग्रुपांवर आणखी एक आयता शॉर्टकट फिरतोय. गाडीचं ब्लूटूथ जोडलं गेलं की आयफोन परस्पर घरच्यांना मेसेज पाठवतो: ‘निघालो, १०:०७ ला पोचतो’. बोटही लावायला नको. खाली अंगठ्यांची रांग आणि ‘खूपच उपयुक्त’चा गजर. माझी तक्रार शॉर्टकट या सोयीबद्दल नाही. आपण येत आहोत हे वाट पाहणाऱ्याला न विचारता कळावं, ही अपेक्षा रास्तच आहे, आणि गाडी चालवताना टाइप करण्यापेक्षा फोननेच ते काम करावं हे केव्हाही बरं. तक्रार आहे ती त्या १०:०७ बद्दल. दहा मिनिटांत किराणा देणाऱ्यांनी आपल्याला मिनिटाच्या आकड्याची अशी चटक लावली आहे की ‘दहाच्या सुमारास’ हे उत्तर आता अडाण्याचं वाटतं.

हा शॉर्टकट उघडून आतल्या पायऱ्या वाचा. फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या वाचल्या असतील, देव जाणे. मुळात तीनच पायऱ्या आहेत. `Get Travel Time` ही क्रिया आत्ताच्या ठिकाणापासून ठरवून दिलेल्या पत्त्यापर्यंत गाडीने किती वेळ लागेल ते अ‍ॅपलच्या नकाशाला विचारते. `Adjust Date` तो वेळ घड्याळातल्या वेळेत मिळवते. `Send Message` उत्तर पाठवून देते. काम संपलं, शॉर्टकट झोपला. म्हणजे पोचायची वेळ फक्त एकदा, निघण्याच्या क्षणी काढली जाते आणि तीही ठरलेल्या पत्त्यासाठी. तुम्ही खरोखर कुठे निघाला आहात याच्याशी तिचा काही संबंध नाही. गाडी पेट्रोल भरायला काढली तरी ब्लूटूथ जोडलं जातंच, आणि दादरच्या सासूबाईंना जावई येत असल्याची वर्दी जातेच. त्यातून आपल्याकडे बहुतेकांचं बोट नेव्हिगेशनसाठी गूगल मॅप्सवर जातं. डोळ्यांसमोर गूगलचा अंदाज आणि मेसेजमध्ये अ‍ॅपलचा, अशी दोन घड्याळं एकाच गाडीत चालू राहतात. दोघांमध्ये पंधरा मिनिटांचा फरक पडला तर वाट पाहणाऱ्याच्या हाती कुठलं लागलं, हे चालवणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

पुण्याहून सकाळी सव्वासातला निघणाऱ्या दोघांची तुलना करून पाहू. एक डेक्कन क्वीनचा प्रवासी, दुसरा द्रुतगती महामार्गाने दादरला निघालेला मोटारवाला. आगगाडीची वाट पाहणारा माणूस रेल्वेच्या एनटीईएसवर गाडीचा क्रमांक टाकतो तेव्हा त्याला काय दिसतं? वेळापत्रकातली वेळ वेगळी आणि अपेक्षित वेळ वेगळी. त्याच्या जोडीला, गाडीने शेवटचं कुठलं स्टेशन किती वाजता सोडलं आणि तेव्हा किती उशीर होता. मला मोलाची वाटते ती ही तिसरी गोष्ट. अंदाज कुठून आणि केव्हा काढला हे त्याच्यासोबतच येतं, त्यामुळे तो ताजा आहे की शिळा हे वाचणाऱ्याला ठरवता येतं. कर्जतची नोंद पाच मिनिटांपूर्वीची असेल तर भरवसा ठेवायचा. ती अर्ध्या तासापूर्वीची असून पुढे काहीच आलं नसेल, तर चहा मागवायचा. रेल्वेच्या वेळापत्रकात आणखीही एक शहाणपण आहे. मार्गावर वाया जाणारा वेळ गृहीत धरून शेवटच्या टप्प्यात काही मिनिटं राखून ठेवलेली असतात, म्हणून मध्ये रेंगाळलेली गाडीही कधीकधी शेवटच्या स्टेशनावर वेळेत टेकते. रेल्वेला नावं ठेवण्यात आपण कमी पडत नाही. पण अंदाज प्रामाणिकपणे कसा सांगावा हे तिला खिशातल्या लाखाच्या फोनपेक्षा जास्त कळतं.

आता मोटारवाला. सव्वासातला फोनने दोन तास बावन्न मिनिटं धरली आणि १०:०७ कळवले. खालापूरचा टोलनाका साधारण पावणेनऊला यायला हवा होता. पण खंडाळ्याच्या घाटात एक ट्रेलर आडवा झाला आणि नाका यायला साडेनऊ वाजले. पाऊण तास तिथेच गेला. त्यामुळे मुंबईत शिरताना ऐन गर्दीची वेळ गाठली, आणि समोरच्या नकाशात आता पावणेअकरा-अकरा दिसू लागले. दादरच्या फोनवर मात्र अजूनही १०:०७ च आहेत. मेसेज कधी काढलेल्या अंदाजाचा आहे हे त्यात लिहिलेलंच नाही, म्हणून तो दहा वाजताही सव्वासातइतकाच ताजा दिसतो. वाट पाहणारा दहाला खाली उतरतो, सव्वादहाला फोन करतो, आणि घाट उतरून गर्दीत शिरलेल्या चालकाला नेमका तेव्हाच फोन घ्यावा लागतो. जो फोन टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तोच तो. मेसेज गेलाच नसता तर त्या माणसाने घरातच बसून वाट पाहिली असती. खात्रीच्या सुरात सांगितलेली शिळी वेळ गप्प राहण्यापेक्षा वाईट, असं माझं म्हणणं आहे. प्रवासातला पहिला अंदाज सगळ्यांत कच्चा असतो, आणि हा शॉर्टकट नेमका तेवढाच आपोआप पाठवतो.

यावर उपाय आयफोनमध्येच २०१९ पासून पडून आहे, पण तो ग्रुपांवर फिरत नाही कारण त्यात कुणाची करामत दिसत नाही. आयओएस १३.१ पासून अ‍ॅपलच्या नकाशात `Share ETA` आहे. नेहमीचं ठिकाण आवडत्या ठिकाणांत साठवा, त्याच्या तपशिलात जा, `Share ETA` खाली माणसाचं नाव जोडा. त्यानंतर त्या ठिकाणाकडे नेव्हिगेशन सुरू केलं की पोचण्याची वेळ त्या माणसाला आपोआप जाते, आणि पोचलात की कळवणं थांबतं. इथे वेळ नेव्हिगेशनला बांधलेली असते, ब्लूटूथला नाही. पेट्रोल पंपावर गेलात तर सासूबाईंना काही कळत नाही. समोरच्याकडे आयफोन असेल तर त्याला नकाशावर तुमची प्रगती दिसत राहते. नसेल तर साधा एसएमएस जातो आणि चांगलाच उशीर होणार असं दिसलं की सुधारित वेळेचा दुसरा जातो. घाटातल्या ट्रेलरची किंमत दादरला घाटातूनच कळते. मेनूची मांडणी आवृत्तीगणिक इकडेतिकडे होत असते, पण हे दोन शब्द शोधले की सापडतात.

यावर पहिला आक्षेप येणार तो अँड्रॉइडवाल्यांचा, आणि महाराष्ट्रात बहुसंख्य तेच. गूगल मॅप्समध्ये नेव्हिगेशन चालू असताना खालची पट्टी वर ओढली की `Share trip progress` मिळतं. ज्याला पाठवायचं त्याला लिंक जाते, वेळ बदलत राहते, पोचल्यावर बंद होते. उणीव एवढीच की ते दर प्रवासात हाताने सुरू करावं लागतं. ‘मग आपोआप कुठे झालं?’ असं कुणी विचारेल. नाही झालं. पण गाडी सुरू करण्याआधी दोन वेळा बोट टेकवून पुढचे तीन तास खरी वेळ जात असेल, तर एकदाही बोट न टेकवता खोटी वेळ पाठवण्यापेक्षा मी ते पत्करेन.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, आणि तो मी टोलवणार नाही. थेट प्रगती दाखवणं म्हणजे नुसती वेळ कळवणं नव्हे. तुम्ही कुठल्या रस्त्याने आलात, कुठे किती थांबलात, हेही समोरच्याला दिसतं. ऑफिसच्या साहेबाला किंवा पहिल्यांदाच भेटणाऱ्या गिऱ्हाइकाला इतकं कशाला दाखवायचं? अशा जागी शॉर्टकटचा एका ओळीचा मेसेजच योग्य. मात्र तो दुरुस्त करून वापरावा. मेसेजच्या मजकुरात आत्ताची वेळही घाला, म्हणजे ‘७:१५ चा अंदाज’ असं वाचणाऱ्याला दिसेल. दुसरी `Adjust Date` जोडून वीस मिनिटं वाढवा आणि ‘साडेदहापर्यंत’ अशा भाषेत सांगा. रेल्वेने राखून ठेवलेल्या मिनिटांचीच ही नक्कल. `Send Message` मधलं `Show When Run` बंद करा, नाहीतर मेसेज तयार होऊन तुमच्या बोटाची वाट पाहत पडदा अडवून बसेल. निघण्याच्या आदल्या दिवशी घरातूनच एकदा शॉर्टकट चालवून पाहा. पहिल्या खेपेला तो ठिकाणाची आणि मेसेजची परवानगी मागतो, आणि ती खेप गाडीत, फोन लॉक असताना आली तर काम तिथेच अडकतं. तसं झालं की समोरच्याला काहीच मिळत नाही आणि तुमच्या फोनवर परवानगीचा प्रश्न ताटकळत असतो.

उरला सुधारित अंदाज. त्यासाठी दर दहा मिनिटांनी मेसेज पाठवत राहणारा शॉर्टकट काहीजण बनवतात. तो फार वेळ तग धरत नाही, कारण मागे चालणारं काम आयफोन लांबू देत नाही. त्यापेक्षा वाटेतला एखादा टप्पा पकडावा. `Arrive` हा ट्रिगर खालापूरच्या टोलनाक्यावर लावा, `Run Immediately` निवडा आणि तोच शॉर्टकट तिथे पुन्हा चालवा. घाट मागे पडलेला असतो, त्यामुळे तिथून काढलेला अंदाज पुण्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी पक्का असतो. वर्तुळ मात्र मोठं आखा. शंभर मीटरचं वर्तुळ वेगातली गाडी फोनला पत्ता लागायच्या आत ओलांडून जाते. जाणारे कोण आणि परतणारे कोण हे या ट्रिगरला कळत नाही, म्हणून वेळेची मर्यादा सकाळचीच ठेवा. नाहीतर संध्याकाळी पुण्याकडे परतताना खालापूरला पोचलात की तुम्ही पुन्हा दादरला येत असल्याचा मेसेज जाईल, आणि सासूबाई कुकर लावतील.